सहाव्या प्रयत्नाचा हिशेब

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या सत्कारमूर्तींविषयी चार शब्द बोलण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. सत्कारमूर्ती आमचे बालमित्र. एका शाळेत, एका बाकावर आम्ही बसलो आणि पुढे पुण्यास सदाशिव पेठेतील एका खोलीत स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठी दोन वर्षे एकत्र राहिलो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला २०१९ साली आम्ही दोघे एकाच दिवशी बसलो, २०२० सालीही बसलो आणि दोन्ही वेळा पूर्वपरीक्षेतच अडलो. त्यानंतर आम्ही परत फिरलो व घरचा व्यवसाय पाहू लागलो. ते राहिले. २२ एप्रिल २०२५ रोजी परीक्षेचा अंतिम निकाल लागला आणि १००९ नावांच्या यादीत त्यांचे नाव होते. तो त्यांचा सहावा प्रयत्न होता. खुल्या वर्गातील उमेदवारास सहाच प्रयत्न मिळतात आणि वयाची मर्यादा बत्तीस वर्षांची आहे. म्हणजे सातवी संधी नव्हती.

अशा प्रसंगी वक्त्याने सत्कारमूर्तींच्या चिकाटीचे गोडवे गावेत, असा प्रघात आहे. आम्हीही तसेच भाषण तयार केले होते. परंतु परवा त्यांना ते वाचून दाखविले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "हे राहू दे. नुसत्या चिकाटीने सहा वर्षे तीच चूक करता येते. मी पाच वेळा कसा पडलो ते सांग. ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल." तेव्हा त्यांच्याच अनुमतीने आम्ही आज त्यांच्या पाच अपयशांचा हिशेब आपल्यापुढे मांडणार आहोत. त्या हिशेबात एक रक्कम आपल्या मंडळाच्या नावे आहे आणि तीवर आमची सही आहे. तिचाही उल्लेख आम्ही टाळणार नाही.

प्रथम, ज्यांच्या घरात ही परीक्षा आलेली नाही त्यांच्यासाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. हिचे तीन टप्पे आहेत. पहिली पूर्वपरीक्षा, एकाच दिवशी दोन पत्रिका, दोन्ही पर्यायांच्या. पहिली सामान्य अध्ययनाची, शंभर प्रश्नांची व दोनशे गुणांची. दुसरीला विद्यार्थी 'सीसॅट' म्हणतात. तीत उताऱ्यांचे आकलन, तर्क व अंकगणित यांचे ऐंशी प्रश्न असतात. या दुसरीत दोनशेपैकी तेहतीस टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे. ते मोजणीत धरत नाहीत. मात्र ते मिळाले नाहीत तर पहिली पत्रिका कितीही उत्तम जावो, ती व्यर्थ. दुसरा टप्पा मुख्य परीक्षेचा. तीत निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार पत्रिका व ऐच्छिक विषयाच्या दोन, असे १७५० गुण लेखी उत्तरांवर मिळावयाचे असतात. तिसरा टप्पा दिल्लीतील मुलाखतीचा, २७५ गुणांचा. अंतिम यादी या शेवटच्या दोहोंच्या, २०२५ गुणांच्या बेरजेवर लागते. ज्या परीक्षेत आमचे मित्र उत्तीर्ण झाले त्या २०२४ च्या परीक्षेस सुमारे ५ लाख ८३ हजार उमेदवार प्रत्यक्ष बसले. त्यांतील १४,६२७ मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले, २,८४५ मुलाखतीपर्यंत आणि १००९ यादीपर्यंत.

आता पहिला प्रयत्न, २०१९ चा. पूर्वपरीक्षेच्या प्रत्येक बरोबर उत्तरास दोन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास त्याचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे पाऊण गुणापेक्षा थोडा कमी, वजा होतो. प्रश्नपत्रिका उमेदवारास घरी नेता येते. आमच्या मित्रांनी परीक्षेतच तीवर प्रत्येक प्रश्नासमोर एक खूण केली होती. उत्तर निश्चित ठाऊक असेल तर एक खूण, चारांतील दोन पर्याय निश्चित खोडता आले व उरलेल्या दोहोंत निवड करावी लागली तर दुसरी, आणि काहीच ठाऊक नसता उत्तर दिले तर तिसरी. त्यांना ते 'खात्रीचे', 'दोनांतले' आणि 'अंधारातले' असे म्हणत. रात्री खोलीवर परत आल्यावर आम्ही उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा आम्हांला ही खुणांची कल्पना पोरकट वाटली होती. पुढच्या सहा वर्षांचा सारा हिशेब त्या खुणांवरच उभा राहिला.

त्या वर्षी त्यांनी ९२ प्रश्न सोडविले. खात्रीचे ४१, पैकी बरोबर ३६. दोनांतले २५, पैकी बरोबर १५. अंधारातले २६, पैकी बरोबर अवघे ५. एकूण ५६ बरोबर व ३६ चूक. ११२ मधून २४ वजा जाता उरले ८८. खुल्या वर्गाची त्या वर्षीची किमान रेषा, जिला विद्यार्थी 'कटऑफ' म्हणतात, ९८ गुणांची होती. दहा गुणांनी ते अडले.

पहिल्या अपयशातून मनुष्य धडा घेतो, असे म्हणतात. आमच्या मित्रांनीही घेतला. पण तो चुकीचा घेतला. अंधारातल्या २६ प्रश्नांनी त्यांना दहा गुण दिले आणि चौदा नेले, हे त्यांच्या डोळ्यांत सलले. यापुढे अंदाजाने एकही उत्तर द्यावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. वास्तविक त्यांच्याच आकड्यांत दुसरी गोष्टही लिहिलेली होती. दोनांतल्या २५ प्रश्नांनी तीस गुण देऊन सातच्या आसपास नेले होते. म्हणजे तेथे तेवीस गुणांचा निव्वळ लाभ होता. आणि अंधारातले सर्व सोडून दिले असते तरी त्यांची बेरीज ९२ च झाली असती, म्हणजे खरी उणीव खात्रीच्या प्रश्नांच्या संख्येत होती. पण झालेल्या नुकसानीकडेच नजर लागलेल्या माणसास लाभाचे आकडे दिसत नाहीत.

दुसरा प्रयत्न २०२० चा. करोनाच्या साथीमुळे मेमध्ये होणारी पूर्वपरीक्षा ४ ऑक्टोबर रोजी झाली. आमच्या मित्रांचा अभ्यास आता पक्का झाला होता. त्यांनी ६२ प्रश्न सोडविले, पैकी ५० बरोबर आले व १२ चुकले. शंभरातून आठ गेले, उरले ९२ च्या आसपास. कटऑफ ९२.५१ लागला. अर्ध्या गुणाने ते राहिले. त्यांनी कोरे ठेवलेले प्रश्न ३८ होते आणि त्यांतील चौदांसमोर दोनांतल्याची खूण होती. त्या चौदांची उत्तरे नाणे उडवून दिली असती आणि निम्मी चुकली असती, तरी चौदा गुण मिळून पाचाहून कमी गेले असते व बेरीज शंभरापलीकडे पोहोचली असती.

यातील गणित तिसऱ्या वर्षी त्यांनी कागदावर मांडून भिंतीस चिकटविले. चारांपैकी एकही पर्याय खोडता येत नसेल तर चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येतो व तीन चुकतात; दोन मिळतात, दोन जातात; हाती शून्य. शिवाय पर्याय रचणारे परीक्षक अर्धवट माहिती असणाऱ्यास फसविण्यात निष्णात असतात, म्हणून प्रत्यक्षात शून्याहूनही कमी. एक पर्याय निश्चित खोडता आला तर प्रत्येक प्रश्नामागे किंचित लाभ असतो. दोन खोडता आले तर प्रश्नामागे दोन तृतीयांश गुणाचा लाभ, आणि तो सोडणे म्हणजे हातचे टाकणे. अट एकच, की खोडलेले पर्याय खरोखर निश्चित खोडलेले असावेत. हे कळण्यास जुन्या प्रश्नपत्रिका खुणा करीत सोडविणे आणि आपले दोनांतले किती वेळा खरे ठरतात ते मोजणे, याखेरीज उपाय नाही. ज्याचे दोनांतले निम्म्याहून कमी वेळा बरोबर येतात, त्याचे खोडणेच सदोष आहे असे समजावे.

बंधु-भगिनींनो, येथे आम्हांला मंडळाची रक्कम सांगितली पाहिजे. आपल्या शिक्षणनिधीतून त्यांना दरमहा तीन हजार रुपयांचे साहाय्य मिळत असे. त्यांचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तालुक्याच्या गावी कापडाचे छोटे दुकान चालवीत आणि तेवढ्या साहाय्याने खोलीचे भाडे निघे. २०२१ च्या पावसाळ्यात निधीच्या समितीने नियम पाहिला. सलग दोन वर्षे अनुत्तीर्ण होणाऱ्यास साहाय्य बंद, असा तो नियम होता. त्या समितीवर तेव्हा आम्ही नुकतेच आलो होतो. साहाय्य बंद झाल्याचे पत्र आमच्या सहीने गेले. आमच्या मनात त्या वेळी काय होते, तेही प्रांजळपणे सांगतो. आम्ही स्वतः परत फिरलो होतो, आणि ते परत फिरले नाहीत हे आम्हांला कोठेतरी खुपत होते.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यासाठी तो नियम योग्यच आहे, कारण तेथे वर्षअखेर गुणपत्रिका हाती येते. परंतु या परीक्षेत पूर्वपरीक्षेत अडलेल्या उमेदवारास आपले गुण व आयोगाची अधिकृत उत्तरे त्या परीक्षेचा अंतिम निकाल लागेपर्यंत कळत नसत. २०२० च्या परीक्षेचा अंतिम निकाल २४ सप्टेंबर २०२१ रोजी लागला. म्हणजे आमचे पत्र गेले तेव्हा ते दहा गुणांनी पडले की अर्ध्या गुणाने, हे आम्हांला ठाऊक नव्हते आणि आम्ही त्यांना विचारलेही नाही. खुणा केलेली प्रश्नपत्रिका त्यांच्याजवळ होती; ती पाहावयास मागितली असती तरी पुरले असते.

तिसरा प्रयत्न २०२१ चा. पूर्वपरीक्षा ते उत्तीर्ण झाले आणि २०२२ च्या जानेवारीत मुख्य परीक्षेस बसले. ऐच्छिक विषय मराठी वाङ्मय. मुख्य परीक्षेत मिळाले ७१२ गुण. मुलाखतीस बोलावण्याची रेषा होती ७४५. तेहतीस गुणांचे अंतर होते, आणि ते ज्ञानाच्या उणिवेने पडलेले नव्हते. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पत्रिकांत तीन तासांत वीस प्रश्न लिहावयाचे असतात. आधी दहा प्रश्न दहा गुणांचे, मग दहा प्रश्न पंधरा गुणांचे. उत्तरासाठी छापील वहीत ठरावीक जागा असते. आमचे मित्र पहिल्या काही प्रश्नांस बारा-बारा मिनिटे देत आणि सुरेख उत्तरे लिहीत. परिणामी प्रत्येक पत्रिकेत शेवटचे तीन प्रश्न कोरे राहिले, आणि शेवटचे म्हणजे पंधरा गुणांचे.

याचा हिशेब असा. साधारण बऱ्या उत्तरास या परीक्षेत पंधरांपैकी सहाच्या आसपास गुण मिळतात. तीन कोऱ्या उत्तरांचे अठरा, तीन पत्रिकांचे चौपन्न. दुसऱ्या बाजूस, दहा गुणांच्या उत्तरावर पाच मिनिटे अधिक घालवून ते चाराऐवजी साडेचारांचे झाले असेल, तर दहा उत्तरांत मिळून पाचच गुण अधिक मिळाले. पाच गुण मिळविण्यासाठी त्यांनी प्रत्येक पत्रिकेत अठरा गुण सोडले होते.

पुढील वर्षी त्यांनी वेळ बांधून घेतला. दहा गुणांच्या प्रश्नास सात मिनिटे आणि पंधरा गुणांच्या प्रश्नास अकरा. सत्तर व एकशे दहा, मिळून बरोबर तीन तास. हे म्हणण्यास सोपे आहे. सात मिनिटांत दीडशे शब्द लिहावयाचे तर विचारास एक मिनिट उरते. त्यांनी टेबलावर घड्याळ ठेवून रोज सकाळी चार प्रश्न लिहिण्याचा परिपाठ घातला, आणि सातवे मिनिट संपताच वाक्य अपुरे असले तरी लेखणी उचलावयाची असा दंडक ठेवला. पहिले तीन आठवडे जवळजवळ प्रत्येक उत्तर अपुरे राही. मग ती अपुरी वाक्ये आखूड होत गेली. पुस्तकांची संख्या त्या वर्षी त्यांनी वाढविली नाही.

चौथ्या प्रयत्नात, २०२२ च्या परीक्षेत, याचे फळ दिसले. मुख्य परीक्षेत ७९० गुण मिळाले. मुलाखतीची रेषा ७४८ होती. मुलाखतीत मिळाले १६२. बेरीज ९५२, आणि खुल्या वर्गातील अंतिम रेषा ९६०. आठ गुण कमी पडले.

या अपयशाचा दोष कोणता, हे आम्ही त्यांना पुष्कळदा विचारले आहे. ते म्हणतात, "तेथे मला दोष सापडला नाही." मुलाखत बरी झाली होती, कोणते उत्तर कमी पडले हे आयोग सांगत नाही, आणि एका मंडळापुढील मुलाखतीस दुसऱ्या मंडळापुढे तेवढेच गुण मिळाले असते असेही कोणास म्हणता येणार नाही. दोन हजार पंचवीस गुणांत आठ गुण कोठेही हरवू शकतात. जेथे दोष दिसतो तेथे तो काढावा. जेथे दिसत नाही तेथे स्वतःस दोषी धरून जे चांगले चालले आहे ते मोडू नये, हे त्यांनी त्या वर्षी ठरविले. आम्हांला वाटते, पाच अपयशांतील हेच सोसावयास सर्वांत कठीण होते, कारण यात दुरुस्त करण्यासारखे काही हाती नव्हते.

शिवाय वेळही नव्हता. तो निकाल २३ मे २०२३ रोजी, मंगळवारी लागला आणि त्याच आठवड्याच्या रविवारी, २८ मे रोजी पुढील वर्षाची पूर्वपरीक्षा होती. मधे चार दिवस. यादीत नाव नाही हे पाहून त्यांनी घरी दूरध्वनी केला. अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रविवारी पेपर आहे ना? मग आधी जेवून घे."

रविवारी ते परीक्षेस बसले. सामान्य अध्ययनाची पत्रिका चांगली गेली. ९० गुणांच्या आसपास मिळाले, आणि त्या वर्षी कटऑफ ७५.४१ इतका खाली आला. तो इतका खाली का आला, याचे एक मोठे कारण दुपारच्या पत्रिकेत होते. त्या वर्षीची सीसॅटची पत्रिका गणिताच्या बाजूने फार अवघड निघाली. ऐंशीपैकी आमच्या मित्रांनी ४६ प्रश्न सोडविले. ३१ बरोबर, १५ चूक. या पत्रिकेत बरोबर उत्तरास अडीच गुण मिळतात व चुकीचे जवळजवळ ०.८३ जातात. साडेसत्त्याहत्तरातून साडेबारा गेले, राहिले ६५. हवे होते ६६. पंधरा चुकलेल्या उत्तरांपैकी दोन जरी त्यांनी कोरी सोडली असती, तरी ते उत्तीर्ण झाले असते. मुलाखतीपर्यंत पोहोचलेला मनुष्य अंकगणिताच्या पत्रिकेत एका गुणाने अडला.

येथे दोष मात्र स्पष्ट होता. मागील चारही वेळा ही पत्रिका ते सहज उत्तीर्ण झाले होते, म्हणून मागील पूर्वपरीक्षेनंतर त्यांनी तिचा एकही प्रश्न सोडविला नव्हता. शाळेत त्यांना गणितात नेहमी उत्तम गुण असत. जे येते त्याचा सराव सुटतो आणि सराव सुटल्याचे परीक्षेपूर्वी कळण्यास काही साधन नसते. त्या परीक्षेस बसू पाहणाऱ्या प्रत्येकास आमचे सांगणे आहे की, परीक्षेआधी दोन महिने एक जुनी सीसॅट पत्रिका घड्याळ लावून सोडवावी. नव्वद गुणांच्या वर असाल तर आठवड्यास एक पत्रिका पुरे; खाली असाल तर रोज तासभर गणितास द्यावा.

१२ जून २०२३ रोजी पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, त्या रात्री आम्ही पुण्यास त्यांच्या खोलीवर गेलो. वय तिसाच्या पुढे गेले होते, एकच प्रयत्न उरला होता, अण्णांची प्रकृतीही ठीक नव्हती. आम्ही म्हणालो, "आता पुरे कर. कोणी तुला नावे ठेवणार नाही." त्यांनी उत्तर दिले नाही. कपाटातून पाच प्रश्नपत्रिका व एक मुख्य परीक्षेची गुणपत्रिका काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "यांत दोन वेळा घडलेली एक तरी चूक मला दाखव. दाखविलीस तर उद्या गावी येतो." आम्ही रात्री उशिरापर्यंत ते कागद पाहिले. तशी चूक आम्हांला दाखविता आली नाही.

ज्ञातिबंधूंनो, आमच्या या भाषणात सांगण्यासारखे जे आहे ते एवढेच आहे. आम्ही सर्वजण म्हणत होतो की हे पाच वेळा नापास झाले. वस्तुतः ते पाच निरनिराळ्या ठिकाणी अडले होते, आणि बहुतेक वेळी मागची अडचण पुन्हा आली नव्हती. पुन्हा प्रयत्न करावा की थांबावे, हे प्रयत्नांच्या संख्येवरून ठरत नाही. तीन वर्षे पूर्वपरीक्षेत त्याच कारणाने, तेवढ्याच अंतराने पडणारा मुलगा आणि दर वर्षी नव्या ठिकाणी पोहोचून अडणारा मुलगा, या दोघांस एकच सल्ला देता येत नाही. आम्ही स्वतः २०२० साली थांबलो, ते आमच्या बाबतीत योग्यच झाले. दोन्ही वर्षी आमचे खात्रीचे प्रश्न तीसच्या पुढे गेले नव्हते.

शेवटच्या प्रयत्नापूर्वी त्यांनी एक गोष्ट मात्र बदलली. घरून पैसे घेणे थांबवून जवळच्या एका शिकवणी वर्गात सायंकाळी दहावीच्या मुलांस गणित शिकविण्याचे काम धरले. त्यामुळे भाडे निघू लागले आणि रोज दोन तास आपोआप अंकगणित होऊ लागले. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, विभाज्यतेच्या कसोट्या, हे सारे फळ्यावर लिहून मुलांस समजावताना त्यांचा हात पुन्हा बसला. अभ्यासाचे दोन तास कमी झाले हे खरे. पण सहाव्या वर्षी त्यांना नव्याने वाचण्यासारखे फारसे उरलेही नव्हते.

२०२४ ची पूर्वपरीक्षा लोकसभेच्या निवडणुकीमुळे पुढे जाऊन १६ जून रोजी झाली. दुपारच्या पत्रिकेची त्यांना काळजी उरली नव्हती. सप्टेंबरात मुख्य परीक्षा झाली. एकही प्रश्न कोरा राहिला नाही. मुख्य परीक्षेत ७८८ गुण मिळाले, म्हणजे चौथ्या प्रयत्नाहून दोन कमीच. मुलाखतीत मिळाले १८०. बेरीज ९६८, अंतिम रेषा ९४७. आपण पाहिलेत, लेखी गुणांत वाढ झालेली नाही. जो मनुष्य २०२२ साली राहिला, तोच जवळजवळ त्याच गुणवत्तेने २०२४ साली निवडला गेला. मधल्या काळात तो कमी योग्यतेचा नव्हता, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावे.

कारण यादीबाहेर राहिलेल्यांचाही एक आकडा आहे. मुलाखतीस गेलेल्या २,८४५ उमेदवारांपैकी १,८३६ परत आले आणि त्यांतील काहींचा तो शेवटचा प्रयत्न होता. आपल्या सभागृहातही असे दोघे-तिघे बसलेले आहेत. त्यांची नावे आम्ही घेणार नाही. त्यांना विवाहसमारंभात भेटल्यावर "काय झाले मग तुझ्या परीक्षेचे?" असे आपण विचारतो, आणि पुढच्या वेळी ते समारंभास येत नाहीत. या वर्षांत आमच्या मित्रांनीही ज्ञातीतील एकाही लग्नास हजेरी लावली नव्हती, हे आज आपण आठवून पाहावे.

मंडळास आमची एक सूचना आहे आणि ती लेखी स्वरूपात आम्ही कार्यवाहांकडे दिली आहे. शिक्षणनिधीचा दोन वर्षांचा नियम स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांस लावू नये. त्याऐवजी प्रत्येक प्रयत्नानंतर उमेदवाराने आपली खुणा केलेली प्रश्नपत्रिका घेऊन, त्या परीक्षेस बसलेल्या दोघांपुढे तासभर बसावे. कोठे अडलो व पुढे काय बदलणार, हे त्याने सांगावे. तेवढ्यावर साहाय्याचा निर्णय व्हावा. ज्यास तेच कारण पुन्हा सांगावे लागते, त्यास थांबण्याचा सल्लाही तेथेच, आपुलकीने, चार भिंतींच्या आत देता येईल. आणि दुसरी वाट धरण्यास त्याला काही महिने साहाय्य देता येईल. अशा बैठकीत बसण्यास आम्ही तयार आहोत. आमच्या मित्रांनी आपल्या सहाही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, खुणांसह, मंडळाच्या वाचनालयास दिल्या आहेत.

आणि आता, अध्यक्षमहाशय, आपल्या अनुमतीने आम्ही आमच्या मित्रांकडे वळून बोलतो.

तुमच्या निवडीचा आनंद आम्हांला जितका झाला तितका आमच्या स्वतःच्या कोणत्याही यशाचा झाला नसता. २०२१ साली तुम्हांला गेलेल्या पत्राबद्दल आजवर तुम्ही आम्हांला एक शब्दही बोलला नाहीत. त्या पत्राबद्दल या भरल्या सभेत आम्ही तुमची क्षमा मागतो. अण्णा आज येथे पहिल्या ओळीत बसले आहेत. मंडळाची शाल तुमच्या खांद्यावर घालण्याचा मान अध्यक्षांचा आहे. परंतु ती त्यांनी अण्णांच्या हस्ते घालावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.

तुमचे मनःपूर्वक अभिनंदन करून आम्ही आमचे भाषण संपवितो.